प्रतिकृतींच्या प्रदर्शनाचं उद्घाटन: मुख्याध्यापकांनी काय बोलावं?

प्रश्न: मॅडम, वाईतल्या आमच्या शाळेत आठवी-नववीच्या मुलांनी गावातल्या आणि आसपासच्या जुन्या वास्तूंच्या प्रतिकृती केल्या आहेत. ढोल्या गणपती, काशीविश्वेश्वर, मेणवलीचा वाडा, घाट वगैरे. उद्घाटनाचं भाषण मुख्याध्यापक म्हणून मलाच करायचं आहे. समोर दीड-दोनशे मुलं, पालक आणि संस्थेचे पदाधिकारी असतील. दरवर्षी सर तेच ते बोलतात, असं मुलं आपसांत म्हणतात. नेमकं काय बोलू आणि किती वेळ?

उत्तर:

सर, पाच मिनिटं बोला आणि एकाच वास्तूबद्दल बोला. खरं तर एका वास्तूच्या एकाच भागाबद्दल.

पाच मिनिटं का, तर प्रतिकृती केलेली मुलं त्या वेळी आपापल्या टेबलाशी उभी असतात आणि बाकीची दाटीवाटीनं. वर्गात बसून पंधरा मिनिटं ऐकणारं पोर उभ्यानं सहा मिनिटंसुद्धा ऐकत नाही. मुलांच्या गर्दीत, माईकवर, समजेल असं बोललं तर मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्द होतात. म्हणजे तुमच्या हातात साधारण पाचशे शब्द आहेत. पाहुण्यांची नावं, शाल-श्रीफळ, आभार हे सगळं सूत्रसंचालकाकडे सोपवा. 'व्यासपीठावरील मान्यवर'पासून सुरुवात केलीत तर पहिलं मिनिट तिथेच गेलं, आणि मुलांचे कानही.

एकच वास्तू का? टेबलावर आठ-दहा प्रतिकृती आहेत म्हणून प्रत्येकीला दोन वाक्यं द्यायची, हा मोह सगळ्यांना होतो. पण ती दोन वाक्यं कोणती असतात? कोणी बांधलं आणि कधी बांधलं. हे तर प्रत्येक टेबलावरच्या तक्त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलेलंच असतं. प्रतिकृतीतून दिसणार नाही आणि तक्त्यावर मावणार नाही, ते भाषणात यायला हवं. वास्तू तशी का बांधली, तिच्या भोवती काय होतं आणि ती खरोखर केवढी आहे, या तीन गोष्टी पुठ्ठ्यात आणि थर्माकोलमध्ये दाखवता येत नाहीत.

तुमच्याकडे वाईत यासाठी फार चांगली जागा आहे: ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत. हे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी 1762 साली कृष्णेच्या काठावर बांधलं. त्याची मागची बाजू सरळ नाही, माशाच्या आकाराची निमुळती आहे. पुराचं पाणी येऊन आदळलं की ते दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावं, म्हणून ती तशी बांधली. गावातली माणसं दर्शन घेतात, घाटाच्या पायऱ्या उतरतात आणि निघून जातात. मागे जाऊन ती भिंत मुद्दाम पाहिलेली मुलं थोडीच असतील, आणि म्हणूनच ती भाषणाला चांगली.

आता भाषणच लिहून देते. मधेमधे थांबून सांगेन की ते वाक्य तिथे का आहे.

*"मुलांनो, आज मी एका भिंतीबद्दल बोलणार आहे. ती भिंत या दालनात दोन नंबरच्या टेबलावर आहे. खरी भिंत गणपती घाटावर आहे. ढोल्या गणपतीच्या देवळाच्या मागे जाऊन ती भिंत ज्यांनी नीट पाहिली आहे, त्यांनी हात वर करा."*

इथे खरंच थांबा. मनात दहापर्यंत मोजा. नुसता विचारल्यासारखा प्रश्न टाकून पुढे गेलात तर मुलांना लगेच कळतं की सरांना उत्तर नको होतं. हात थोडे वर आले तर 'पाच-सहाच आहेत' असं सरळ म्हणा. पालकांकडेही बघा, त्यांच्यातलेही हात बहुतेक खालीच असतात आणि मुलांना त्याची गंमत वाटते. खूप हात वर आले तर त्यातल्या एकाला उभं करून भिंतीचा आकार हातांनी दाखवायला सांगा.

*"देवळाच्या भिंती सरळ असतात. ही मागची भिंत मात्र माशासारखी निमुळती आहे. कारण तिच्या मागे नदी आहे. पावसाळ्यात कृष्णा चढते तेव्हा सरळ भिंतीवर पाणी येऊन थडकतं, तिथेच तुंबतं आणि भिंतीला रेटत राहतं. निमुळत्या भिंतीवर तेच पाणी आलं की दोन भागांत फाटतं आणि बाजूनं निसटून जातं. बांधणाऱ्यानं नदी अडवली नाही, तिला वाट करून दिली."*

मला या भाषणातला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि तो नुसत्या शब्दांवर सोडू नये. फीत कापण्याऐवजी उद्घाटन पाण्यानं करा. पत्र्याचा लांबट ट्रे घ्या, त्याचं एक टोक दोन बोटं उचलून ठेवा आणि खालच्या टोकाला पाणी जायला वाट ठेवून तिथे बादली लावा. शाडूच्या मातीचे सारख्या उंचीचे दोन ठोकळे करा, एकाचं तोंड सपाट आणि दुसऱ्याचं निमुळतं. ते ट्रेमध्ये शेजारी शेजारी, थोडं अंतर सोडून, घट्ट दाबून बसवा. प्रमुख पाहुण्यांना तांब्या देऊन वरच्या टोकानं पाणी सोडायला सांगा आणि पाण्यात चिमूटभर लाकडाचा भुसा टाका. सपाट ठोकळ्यासमोर पाणी फुगतं आणि भुसा तिथे घुटमळतो. निमुळत्या ठोकळ्यापाशी तोच भुसा दोन्हीकडे सरकून पुढे जातो. पाणी कुठे थांबतं आणि कुठे निघून जातं, हे भुशामुळे लांबूनही दिसतं.

हे आदल्या दिवशी करून पाहा. उतार कमी असेल तर पाणी वाहत नाही, नुसतं साचतं, आणि दोन्ही ठोकळ्यांत फरकच दिसत नाही. उतार जास्त झाला तर पाणी इतक्या जोरात येतं की ठोकळेच सुटतात. पाणी एकसारखं, बारीक धारेनं सोडावं लागतं. तांब्या एकदम उपडा करणारे पाहुणे असतात, त्यांना आधी सांगून ठेवा. पुठ्ठ्याच्या प्रतिकृतीवर मात्र पाणी टाकू नका. मुलांनी महिनाभर खपून केलेलं काम डोळ्यांदेखत भिजलं तर त्यानंतर तुमचं कोणीही ऐकणार नाही. आणि पुढच्या दोन रांगा खाली बसवा, नाहीतर प्रयोग फक्त पदाधिकाऱ्यांनाच दिसेल.

प्रयोग झाला की इतिहासाकडे वळा. इथे वर्ष सांगायचं, पण एकटं नाही.

*"हे देऊळ 1762 सालचं. त्याच्या आदल्या वर्षी, 14 जानेवारी 1761 ला, पानिपत झालं. त्यात नानासाहेब पेशव्यांचा थोरला मुलगा विश्वासराव गेला. जूनमध्ये नानासाहेब स्वतः गेले. विश्वासरावांची आई गोपिकाबाई, म्हणजे आपल्या वाईच्या रास्त्यांच्या घरातली मुलगी. तिचा दुसरा मुलगा माधवराव त्याच वर्षी पेशवा झाला. तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. नववीतल्या मुलांनो, तुमच्याहून एक-दोन वर्षांनी मोठा."*

'सोळा वर्षांचा' या शब्दांवर नववीची मुलं मान वर करतात. इथे एक सावधगिरी हवी. दोन वर्षं शेजारी शेजारी ठेवली की ऐकणारा आपसूक एकाचं कारण दुसऱ्यात शोधतो. 'पानिपतच्या दुःखातून हे देऊळ उभं राहिलं' असं वाक्य जिभेवर येईल, टाळ्याही घेईल, पण त्याला आधार नाही. ते बोलू नका. त्या वर्षी या घरावर काय कोसळलं होतं तेवढंच सांगा आणि पुढे जा.

हीच गोष्ट आख्यायिकांची. वाई म्हणजे महाभारतातली विराटनगरी, असं गावात परंपरेनं सांगतात. एखाद्या तक्त्यावर मुलांनी ते ठामपणे लिहिलं असेल तर उद्घाटनात त्याला खोडू नका, पण स्वतः सांगताना 'असं सांगतात' हे दोन शब्द सोडू नका. जुन्या वाड्यांतून निघणाऱ्या भुयारांचंही तसंच. प्रत्येक गावातल्या प्रत्येक वाड्याला एक भुयार असतं आणि ते नेहमी डोंगरापर्यंत जातं. मुलांना ते फार आवडतं, म्हणून कोणी विचारलंच तर 'तू पाहिलंस का?' असा उलट प्रश्न करा. तक्त्यांवरची वर्षं मात्र आधी एकदा तपासून घ्या. मराठी विश्वकोशाचं काम तुमच्याच गावात चालतं. त्यातली वाईवरची नोंद काढून मुलांच्या तक्त्यांशी ताडून पाहायला एक तास पुरेल. काशीविश्वेश्वराचं साल (1757, बांधणारे आनंदराव भिकाजी रास्ते) आणि गणपतीचं साल यांची अदलाबदल सहज होते. दोघेही रास्ते, दोघेही भिकाजींचे मुलगे आणि मधे पाचच वर्षं. पुण्यातली रास्ता पेठ याच घराण्याच्या नावाची, हे ऐकून मुलांना नवल वाटतं, पण ते भाषणात नको. टेबलाशी फिरताना सांगा.

आता प्रमाणाचं. प्रतिकृतींच्या प्रदर्शनात बघणाऱ्याची सगळ्यात मोठी फसगत इथे होते आणि त्याबद्दल कोणीच बोलत नाही. शाळेतली टेबलं सगळी सारखी, म्हणून मुलंही प्रत्येक वास्तू टेबलाएवढी करतात. त्यामुळे मेणवलीचा वाडा आणि गणपतीचं देऊळ बरोबरीचे दिसतात. वाड्याला सहा चौक आहेत. एकेका चौकाभोवती सोपे, खोल्या, वर माडी. तो देवळाएवढा कसा असेल?

हे सांगायला दाराचा उपयोग करा. समजा देवळाच्या प्रतिकृतीत दार 4 सेंटिमीटर उंच आहे आणि मुलांनी खरं दार टेपनं मोजलं ते 2 मीटर भरलं. म्हणजे प्रमाण एकास पन्नास. वाड्याच्या प्रतिकृतीत दार 1 सेंटिमीटर आणि खरं अडीच मीटर असेल तर प्रमाण एकास अडीचशे. आता 165 सेंटिमीटर उंचीचा माणूस देवळापाशी 3.3 सेंटिमीटरचा होतो आणि वाड्यापाशी जेमतेम साडेसहा मिलिमीटरचा. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी प्रत्येक गटाला जाड कागदाचा एक माणूस कापून आपापल्या प्रतिकृतीच्या दाराशी उभा करायला लावा. आकडे तुमच्या मुलांच्या मोजमापाचे घ्या, वरचे फक्त रीत कळावी म्हणून दिले आहेत. खरं दार मोजलंच नसेल तर तेही इथेच उघडं पडतं, आणि घाटावर जाऊन मोजून यायला एक संध्याकाळ हातात उरते.

*"प्रत्येक प्रतिकृतीच्या दाराशी एक कागदाचा माणूस उभा आहे. तो तुम्ही आहात. देवळाशी तुम्ही बोटाच्या दोन पेरांएवढे आहात. मेणवलीच्या वाड्याशी तुम्ही मुंगीहून थोडे मोठे आहात. म्हणजे वाडा केवढा असेल ते तुम्हीच ठरवा. आणि एक गोष्ट या टेबलांवर कुठेच नाही. ती शोधा."*

ती गोष्ट म्हणजे नदी. घाट केलेल्या गटानं निळा कागद चिकटवला असेल, पण देवळाच्या प्रतिकृतीत नदी बहुधा नसते, आणि नदीशिवाय त्या भिंतीला अर्थच राहत नाही. वर धोम धरण झाल्यापासून कृष्णेच्या पुराचा स्वभाव बदलला आहे. आजच्या मुलांनी आजोबांनी पाहिली तशी नदी पाहिलेली नाही. पालकांमध्ये कोणी आजी-आजोबा आले असतील तर 'पाणी देवळात कुठवर आलेलं पाहिलंय?' असा प्रश्न भाषणातूनच त्यांना विचारा. एक मिनिट त्यांना द्या, त्याहून जास्त नको. हे एक मिनिट तुमच्या पाचशे शब्दांतलं नाही, ते जास्तीचं धरा.

मेणवलीबद्दल बोलायचंच असेल तर वाड्यापेक्षा घाटावरच्या घंटेबद्दल चार वाक्यं बोला.

*"मेणवलीच्या घाटावर एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर 1707 हे साल आहे, आणि मेरीमाता व बाळ येशू यांचं चित्र आहे. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठी मुलखात आल्या. त्यातली ही एक. नाना फडणविसांच्या वाड्याखालच्या घाटावर, शंकराच्या देवळाजवळ ती टांगली आहे. सहा नंबरच्या टेबलावरच्या मुलांनी ती केली आहे का, बघा."*

हे असंच कोरडं सांगा. त्यावर विजयाचा आवाज चढवू नका आणि 'सर्वधर्मसमभाव' असंही लेबल लावू नका. वसईची घंटा मेणवलीत कशी आली हे ऐकून मुलं स्वतः प्रश्न विचारतात, आणि वर्गात दोन-तीन ख्रिस्ती मुलं असतील तर त्यांनाही मान खाली घालावी लागत नाही.

कौतुकाचं काय, असं तुम्ही विचाराल. एकेका मुलाचं नाव घेऊ नका. तीन नावं घेतलीत की बाकी तीस घरांत संध्याकाळी चर्चा होते. 'हुबेहूब' हा शब्दही टाळा. सगळ्यात हुबेहूब प्रतिकृती बहुधा पालकांनी किंवा कोणत्या तरी दुकानातून करून आणलेली असते, आणि ते सगळ्या वर्गाला माहीत असतं. तुम्ही तिचं कौतुक केलंत की पुढच्या वर्षी दुकानाचा धंदा वाढतो. त्याऐवजी एखाद्या कामातली मेहनत नेमकी सांगा: 'काशीविश्वेश्वराच्या गटानं नंदी साबणात कोरला आहे', 'वाड्याच्या गटानं छप्पर उचलता येईल असं केलंय, ते उचलून सहाही चौक मोजा.' यासाठी आदल्या दिवशी अर्धा तास सगळ्या टेबलांपाशी जावं लागेल. प्रत्येक गटाला एकच प्रश्न विचारा: 'यातला कोणता भाग जमेना?' ज्यांनी स्वतः केलंय ते लगेच बोलायला लागतात, शिखराची गोलाई, कमान सारखी पडणं, फेविकॉल वाळेपर्यंत भिंत धरून बसणं. ज्यांनी केलेलं नाही ते वास्तूचा इतिहास सांगू लागतात. कोणाला काही बोलायची गरज नाही, पण भाषणात कोणाचं उदाहरण घ्यायचं ते तुम्हाला कळतं.

शेवट लांबवू नका. 'आपला ऐतिहासिक वारसा जपणं ही काळाची गरज आहे' हे वाक्य कुठल्याही गावात, कुठल्याही कार्यक्रमात चालतं, म्हणूनच ते कोणाच्या लक्षात राहत नाही. असा शेवट करा:

*"आता मी बोलायचं थांबतो. दोन नंबरच्या टेबलापासून सुरुवात करू या. भिंत कशी केली ते तिथली मुलं मला सांगणार आहेत, आणि मी प्रश्न विचारणार आहे."*

आणि माईक ठेवून खरोखर तिकडे चालत जा. पाहुणे आपोआप मागे येतात. त्या गटातल्या एका मुलीला किंवा मुलाला आदल्या दिवशी कल्पना देऊन ठेवा, पण पाठ करून घेऊ नका. 'पाणी कुठून येतं?' आणि 'मागची बाजू ओळखायची कशी?' हे दोन प्रश्न पुरेत.

भाषण कागदावर लिहा, पण वाचू नका. कार्डावर सहा शब्द असू द्या: भिंत, हात वर, पाणी, सोळा वर्षं, कागदाचा माणूस, टेबल दोन. घंटा बोलणार असाल तर सातवा. साल आणि तारीख मात्र लिहूनच ठेवा. माईकसमोर 1761 आणि 1762 ची गल्लत कोणाचीही होते, आणि मागच्या रांगेतला इतिहासाचा शिक्षक ती बरोबर पकडतो.

आणि पाहुणे उशिरा आले, जे होणारच, तर घंटा गाळा. तरीही वेळ कमी पडला तर पानिपतचा परिच्छेदही गाळा आणि प्रमाणाचं टेबलाशी सांगा. भिंत आणि पाणी काही झालं तरी ठेवा, तेवढं तीन मिनिटांत होतं.